पर्यायांच्या स्लाइडपासून ठरावापर्यंत

मोठ्या खर्चाचा विषय मंडळापुढे येतो तेव्हा आजकाल बहुतेक ठिकाणी त्याचं सादरीकरण होतं. वीस-बावीस स्लाइड असतात. पार्श्वभूमी, नकाशा, दोन-तीन आलेख, आणि शेवटाकडे निर्णयाशी थेट संबंध असलेल्या दोन स्लाइड. एका स्लाइडवर पर्यायांचा तक्ता असतो, दुसरीवर मंडळाकडे काय मागायचं आहे ते. सादरीकरण संपतं, चहा होतो आणि अध्यक्ष म्हणतात, "ठीक आहे, याची टिपणी करून द्या." ही टिपणी लिहिण्याचं काम बहुधा ज्याने सादरीकरण केलं त्याच्या हाताखालच्या माणसाकडे येतं. तो दोन्ही स्लाइडवरचा मजकूर उचलतो, ओळींना क्रियापदं जोडतो आणि तळाशी "तरी मंडळाने योग्य तो निर्णय घ्यावा, ही विनंती" असं लिहून मोकळा होतो. अशा कागदावर निर्णय होत नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

स्लाइडवरून टिपणी कशी करायची, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे आणि आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण त्यातल्या अडचणी कुठल्याही दूध संघात, कारखान्यात किंवा बँकेत भेटतील अशाच आहेत.

एक तालुका दूध संघ आहे. २४ गावांतून रोज सरासरी १८,००० लिटर दूध येतं, सकाळ-संध्याकाळ मिळून. गावातल्या संस्थेत दूध कॅनमध्ये भरतात, गाडी ते गोळा करत पंचावन्न किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रात नेते. धारेचं दूध ३५ ते ३७ अंशांना असतं आणि ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवावं लागतं, नाहीतर त्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात आणि आम्लता चढते. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध केंद्रावर पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. तिथे नमुना उकळून पाहतात. नमुना फाटला की अख्खा कॅन नापास. मार्च ते जून रोज सुमारे ४५० लिटर आणि इतर महिन्यांत ८० लिटर दूध असं जातं. वर्षाचा आकडा ७३,६०० लिटर. उत्पादकाला दिलेले पैसे वजा फाटलेल्या दुधातून सुटणारी रक्कम, असा लिटरमागे ३० रुपयांचा तोटा धरला तर वर्षाला सुमारे २२ लाख रुपये जातात.

आता स्लाइड. पर्यायांच्या तक्त्यात तीन रकाने आहेत. पर्याय 'अ': शीतकरण केंद्राचं नूतनीकरण, ६० लाख. पर्याय 'ब': गावपातळीवर प्रत्येकी २,००० लिटरचे आठ बल्क कूलर, ८८ लाख, खाली बारीक अक्षरात "वीज व देखभाल वेगळी". पर्याय 'क': जादा गाड्या भाड्याने घेऊन फेऱ्या वाढवणे, भांडवली खर्च शून्य, भाडं दरमहा सव्वादोन लाख. प्रत्येकाखाली हिरव्या खुणांनी फायदे आणि लाल खुणांनी तोटे, मोजून तीन-तीन. मागणीच्या स्लाइडवर लिहिलंय: "बल्क कूलर प्रकल्पासाठी १ कोटी १० लाख रुपयांची तरतूद व मंडळाचं सहकार्य."

टिपणी लिहिणाऱ्याने आधी पर्याय वाचू नयेत, मागणी वाचावी. मंडळाने नेमकं काय करायचं आहे, हे तिथून कळायला हवं आणि इथे ते कळत नाही. "तरतूद" म्हणजे अंदाजपत्रकात रक्कम राखून ठेवायची की खरेदीचा आदेश काढायची परवानगी द्यायची? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे ठरावही वेगळे होतात. "सहकार्य" हा तर निर्णयच नाही. कुठल्याही संचालकाने सहकार्याला नकार दिल्याचं ऐकिवात नाही. म्हणून कागदावर पहिलं वाक्य उतरण्याआधी सादरीकरण करणाऱ्याकडे जाऊन चार गोष्टी विचारून घ्याव्यात: निर्णय कोणाचा, कशाला मंजुरी, किती रकमेची आणि कधीपर्यंत. शेवटच्या प्रश्नाला खरं कारण असलंच पाहिजे. आपल्या उदाहरणात ते आहे. पुरवठादाराचा दर ३१ जानेवारीपर्यंतच धरून ठेवलेला आहे आणि आदेश दिल्यापासून कूलर चालू व्हायला सहा महिने लागतात. ही माहिती एकाही स्लाइडवर नव्हती. बोलताना सांगितली गेली आणि हवेत विरली.

मग दोन्ही स्लाइड शेजारी ठेवाव्यात. एकीवर ८८ लाख, दुसरीवर १ कोटी १० लाख. बावीस लाखांचा फरक. असा फरक दिसला की हात शिवशिवतात. वाटतं, मोठा आकडा घ्यावा, नाहीतर "सुमारे एक कोटी" लिहून दोन्ही झाकावेत. तसं कधीही करू नये. फरकामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं, आणि ते शोधलं की विषय स्वतःच उलगडतो. इथे घडलं ते असं. टँकर दिवसातून एकदाच न्यायचा ठरला, म्हणजे दोन्ही वेळचं १८,००० लिटर दूध कूलरमध्ये मावायला हवं. आठ कूलरची क्षमता होते १६,००० लिटर. ही चूक लक्षात आल्यावर कोणीतरी कूलर दहा केले, शेडसह प्रत्येकी ११ लाखांनी १ कोटी १० लाखांचा आकडा मागणीच्या स्लाइडवर चढवला आणि पर्यायांचा तक्ता तसाच राहिला. दहा कूलरची क्षमता २०,००० लिटर. पण १८,००० ही वर्षाची सरासरी आहे. हिवाळ्यात, पुष्टकाळात दूध वाढतं, तेव्हा तीन-चार गावांत टँकर दोनदा पाठवावा लागेल. हे टिपणीत एका वाक्यात यायला हवं, नाहीतर पहिल्याच डिसेंबरात कूलर भरून वाहतील आणि प्रकल्पालाच नावं ठेवली जातील.

आता पर्यायांकडे वळू. तक्त्यातला खरा दोष असा की तिन्ही पर्याय तीन वेगवेगळ्या मापांनी मोजलेत. 'अ' आणि 'ब' एकरकमी, 'क' महिन्यावर. 'क'समोरचं "शून्य" डोळ्यात भरतं आणि सर्वांत स्वस्त पर्याय तोच वाटतो. शिवाय चौथा पर्याय तक्त्यात नाहीच: काहीही न करणं. मंडळाने निर्णय टाळला तर आपोआप निवडला जाणारा पर्याय हाच असतो, म्हणून तो मोजल्याशिवाय बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? माझं मत असं की पर्यायांच्या ज्या तक्त्यात "आहे तसं चालू" हा रकाना नाही, तो तक्ता अपुरा समजून परत पाठवावा.

चारही पर्याय पाच वर्षांच्या एकूण खर्चात आणू. आहे तसं चालू ठेवलं तर वर्षाला २२ लाखांप्रमाणे १ कोटी १० लाख रुपये दुधातून जातील. 'अ'मध्ये ६० लाख घालायचे, त्यावर सुमारे १४ लाख व्याज द्यायचं आणि तरीही तोटा वर्षाला १८ लाख उरतो. एकूण १ कोटी ६४ लाख. 'क'मध्ये भाडं वर्षाला २७ लाख आणि उरलेला तोटा ११ लाख, पाच वर्षांचे १ कोटी ९० लाख. 'ब'मध्ये १ कोटी १० लाख भांडवल, सुमारे २५ लाख व्याज, वीज-डिझेल-माणूस मिळून कूलरमागे महिना १५ हजारांप्रमाणे पाच वर्षांचे ९० लाख आणि उरलेला तोटा १५ लाख. हे झाले २ कोटी ४० लाख. पण दोन वेळच्या गाड्यांऐवजी एक टँकर जाणार असल्यामुळे वाहतुकीत वर्षाला ३० लाख वाचतात. पाच वर्षांचे दीड कोटी वजा केले की निव्वळ खर्च उरतो ९० लाख.

तक्त्यातला क्रम पार उलटला. जो पर्याय फुकट दिसत होता तो सर्वांत महाग निघाला, सर्वांत महाग दिसणारा सर्वांत स्वस्त. आणि 'अ' व 'क' तर काहीही न करण्यापेक्षाही महाग आहेत.

'अ'मध्ये तोटा २२ वरून फक्त १८ लाखांवरच का येतो, हा प्रश्न सुजाण संचालक विचारणारच. साठ लाखांची नवी यंत्रं बसवली तरी दूध फाटतंच कसं? उत्तर केंद्राच्या आवक नोंदवहीत आहे. नापास झालेले कॅन दारातच नापास झालेत, आत शिरण्यापूर्वी. म्हणजे दूध केंद्रात खराब होत नाही, वाटेत होतं. स्लाइडवर 'अ'खाली "जुनी यंत्रणा बदलल्याने गुणवत्तेत सुधारणा" अशी हिरवी खूण होती. ती खोटी नाही. केंद्रात पोहोचलेल्या चांगल्या दुधाची गुणवत्ता खरंच सुधारेल. पण ज्या दुखण्यासाठी सगळी बैठक भरली होती त्याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. स्लाइडवर हे लपून राहतं, कारण ठिपक्याने सुरू होणाऱ्या ओळी एकमेकींशी बांधलेल्या नसतात. त्यांच्यात "म्हणून", "तरीही", "त्याऐवजी" हे शब्द नसतात. टिपणीत सलग वाक्यं लिहावी लागतात, आणि "केंद्राचं नूतनीकरण केल्याने वाटेत खराब होणारं दूध कमी होईल" हे वाक्य लिहायला घेतलं की लेखणी आपोआप अडते.

हा दोष किती महागात पडू शकतो याचं सर्वांत दुःखद उदाहरण कोलंबिया यानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला होता. त्यातल्या एका स्लाइडचं एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं विश्लेषण चौकशी मंडळाच्या अहवालात आहे. मथळा वाचून चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षित बाजूला असल्यासारखं वाटतं. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, म्हणजे त्या चाचण्या इथे लागूच पडत नव्हत्या, ही गोष्ट मात्र तळाच्या बारीक ओळीत होती. पुढल्याच वर्षी जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून सलग गद्यातल्या टिपण्या सक्तीच्या केल्या. त्यांचं कारण हेच होतं: कशाला किती महत्त्व आणि कशाचा कशाशी संबंध, हे गद्य लिहिताना ठरवावंच लागतं.

इतकं झालं की शिफारस लिहायची, आणि ती टिपणीच्या सुरुवातीलाच. मोठी पार्श्वभूमी देऊन शेवटी शिफारस करण्याची सवय सरकारी टिपणीतून आपल्याकडे आली असावी. मात्र मंत्रालयातल्या चांगल्या टिपणीचा एक गुण जरूर घ्यावा. तिच्यावर वरिष्ठाला फक्त "मान्य" लिहून सही करता येते. म्हणजे काय मान्य करायचं ते तिथे शंकेला जागा न ठेवता लिहिलेलं असतं. आपल्या दूध संघाच्या टिपणीचा पहिला परिच्छेद असा होईल:

"तालुक्यातील २४ गावांच्या दुधासाठी प्रत्येकी २,००० लिटर क्षमतेचे १० बल्क कूलर १ कोटी १० लाख रुपयांत खरेदी करण्यास मंडळाने ३१ जानेवारीपूर्वी मान्यता द्यावी, अशी शिफारस आहे. दूध शीतकरण केंद्रात नव्हे, तर केंद्रावर पोहोचण्यापूर्वी खराब होत आहे, आणि ते गावातच थंड करणारा हा एकमेव पर्याय आहे. पाच वर्षांत तो सध्याच्या पद्धतीपेक्षा सुमारे २० लाख रुपयांनी स्वस्त पडतो. हा फायदा वाहतुकीतील बचतीवर अवलंबून आहे. ती वर्षाला २६ लाखांच्या खाली गेल्यास फायदा उरत नाही. म्हणून टँकरचा दर लेखी मिळाल्यानंतरच खरेदी आदेश द्यावा."

यातली शेवटची तीन वाक्यं अनेकांना खटकतील. स्वतःच्या शिफारशीचं मर्मस्थान स्वतःच का दाखवायचं? पण हिशोब पाहा. 'ब' आणि "आहे तसं" यांच्यात फरक २० लाखांचा आहे, म्हणजे वर्षाला चार लाखांचा. वाहतुकीतली बचत तीस लाखांवरून सव्वीसवर आली की दोघे बरोबरीत. हा तीस लाखांचा आकडा आला कुठून? सादरीकरण करणाऱ्याने एका वाहतूकदाराशी फोनवर बोलून धरलेला. संपूर्ण शिफारस ज्या आकड्यावर उभी आहे तोच सर्वांत कच्चा आहे. हे मंडळाला आधी सांगितलं तर ते दराची अट घालून मंजुरी देतील. नंतर कोणी शोधून काढलं तर सगळेच आकडे संशयात येतील. प्रत्येक टिपणीत असा एखादा आकडा असतो. तो ओळखायची रीत सोपी आहे. एकेक आकडा थोडा बिघडवून पाहायचा आणि कुठे शिफारस पालटते ते बघायचं. विजेचा खर्च दहा टक्क्यांनी वाढला तर नऊ लाख वाढतात, शिफारस टिकते. वाहतुकीतली बचत वीस टक्क्यांनी घटली तर तीस लाख जातात, शिफारस पडते.

नाकारलेल्या पर्यायांना टिपणीत न्यायाने वागवावं. त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी लिहावा, मग नकाराचं कारण. 'क'चा बळकट मुद्दा असा की तो पंधरा दिवसांत सुरू होतो आणि नको वाटला की बंद करता येतो. वर्षभर तो परवडत नाही हे आपण पाहिलंच. पण कूलर यायला सहा महिने आहेत आणि मधे उन्हाळा आहे. चार महिन्यांचं भाडं होतं ९ लाख. उन्हाळ्यातला तोटा १६ लाख २० हजारांचा, तो निम्मा झाला तर वाचतात ८ लाख १० हजार. म्हणजे नव्वद हजार रुपये अंगावर येतात. तरीही मी ही शिफारस टिपणीत घालेन, कारण ज्याचा कॅन वारंवार नापास होतो तो उत्पादक खासगी डेअरीच्या गाडीला दूध घालू लागतो, आणि गेलेला उत्पादक परत आणणं सोपं नसतं. या गळतीचा आकडा संघाकडे नाही, म्हणून टिपणीतही आकडा देऊ नये. "उत्पादक टिकवण्यासाठी या हंगामात नव्वद हजार रुपयांचा जादा भार घ्यावा" असं उघड लिहावं आणि त्याचा निवाडा मंडळावर सोडावा.

मिश्र शिफारशीबाबत मात्र सावध राहावं. 'ब' मुख्य, सोबत या उन्हाळ्यापुरता 'क', हे चालतं, कारण दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत आणि 'क' कधी संपेल हे ठरलेलं आहे. "चार कूलर घ्यावेत, थोडं नूतनीकरणही करावं आणि गाड्याही वाढवाव्यात" ही शिफारस नाही. कोणालाच नाराज न करण्याची ती खटपट आहे. चार कूलरमध्ये ८,००० लिटर मावतं. उरलेल्या दहा हजार लिटरसाठी कॅनच्या गाड्या दोन वेळा धावतच राहतील आणि ज्या बचतीवर हिशोब उभा होता तीच नाहीशी होईल.

टिपणीच्या शेवटी सहकारी संस्थेत ठरावाचा मसुदा जोडावा. मागणीच्या स्लाइडची जागा खरी हीच आहे. "सहकार्य" या शब्दाचं ठरावात रूपांतर करू पाहा, जमणार नाही. जे जमेल तेच मागायचं:

"ठराव करण्यात येतो की, १० बल्क कूलर खरेदीसाठी १ कोटी १० लाख रुपयांपर्यंतच्या भांडवली खर्चास व मार्च ते जून या काळात जादा वाहनांच्या भाड्यापोटी ९ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास मान्यता देण्यात येत आहे. टँकर वाहतुकीचा लेखी दर प्राप्त होऊन वार्षिक बचत किमान २६ लाख रुपये असल्याची खात्री झाल्यानंतर खरेदी आदेश देण्याचे अधिकार कार्यकारी संचालकांना देण्यात येत आहेत. तशी खात्री न झाल्यास विषय पुन्हा मंडळापुढे ठेवावा."

सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसाठी खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या की काम झालं. सगळं मिळून दोन-अडीच पानं होतात. पाच वर्षांच्या हिशोबाचा तक्ता, आवक नोंदवहीचा उतारा आणि पुरवठादाराचा दर ही जोडपत्रं. मूळ स्लाइड जोडू नयेत. तिथे अजून आठच कूलर आहेत, आणि बैठकीत कोणीतरी नेमका तोच तक्ता उघडून बसेल.

मंडळाकडे जाण्याआधी टिपणी दोघांना वाचायला द्यावी. एक, ज्याने सादरीकरण केलं तो. आपल्या म्हणण्याचा अर्थ बदललेला नाही ना, हे त्याने पाहावं. विशेषतः जिथे त्याने तोंडी सांगितलेली गोष्ट आता लेखी झाली आहे तिथे. दुसरा असा संचालक किंवा अधिकारी, जो त्या बैठकीला नव्हता. त्याला पहिलाच परिच्छेद द्यावा, बाकीची पानं हातात ठेवावीत आणि विचारावं, "साहेब, तुमच्याकडून काय हवंय?" त्याने रक्कम, तारीख आणि टँकरच्या दराची अट न अडखळता सांगितली तर टिपणी सहीला ठेवावी. त्याने "कूलरबद्दल काहीतरी आहे" असं म्हटलं तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला घ्यावा. बहुतेक वेळा बाकीच्या पानांना हात लावायची गरज पडत नाही.